श्रावणापासूनचं बोलावणं

मोगरवाडीला कोणी गेलंय का तुमच्यापैकी? नाही ना? मग गप्प बसा आणि ऐका. ती डोंगराच्या कुशीत आहे. इवलीइवली कौलारू घरं, घरापुढं इवलाले अंगणवाफे, आणि वाफ्यावाफ्यांत मोगरा, अबोली, गुलबक्षी. चैत्र लागला की वेशीबाहेरचा बहावा असा फुलतो, असा फुलतो की सोन्याची झुंबरं टांगल्यासारखी वाटतात. पिवळी पिवळी फुलं उन्हात लुकलुक करतात आणि वाऱ्यावर डुलतात.

त्या वाडीच्या अगदी टोकाला बकुळीची झोपडी होती. तिचे वडील दूर बंदरावर हमाली करायचे, दिवाळीलाच तेवढे घरी यायचे. आईची कंबर धरलेली, त्यामुळे ती बसल्या बसल्या गजरे ओवायची. छपराला भोकं इतकी, की रात्री आतून चांदण्या दिसायच्या. ऐकायला छान वाटतं हो, पण पाऊस आला की अंथरूण उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरावं लागायचं! बकुळीचा झगा एके काळी निळाशार होता, आता धुऊन धुऊन आभाळासारखा फिका झाला होता.

बकुळी घरोघर फुलं पोचवायची. आणखी एक काम करायची, बोलावणं करायचं. आता बोलावणं म्हणजे काय? कोणाच्या घरी हळदीकुंकू असलं की एखाद्या मुलीनं दारोदार जाऊन गोड आवाजात सांगायचं, "अमक्यांकडे हळदीकुंकवाला बोलावलंय बरं का, नक्की या!" असं बोलावणं आल्याशिवाय मोगरवाडीतली एकही बाई कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकायची नाही. अगदी शेजारीण असली तरी नाही. बोलावणं केलं की बकुळीला चार लाडू मिळायचे. दोन आईला, दोन तिला.

चैत्रगौरीचं सगळ्यांत मोठं हळदीकुंकू सरलामावशींकडे असायचं. मोठं घर, मोठा ओटा, ओट्यावर गौरीचा झोपाळा. सरलामावशींनी बकुळीला बोलावून घरं सांगितली. बकुळी बोटांवर मोजत होती. मोजता मोजता थांबली.

"मावशी, गिरजाकाकूंचं घर राहिलं की!"

सरलामावशींनी पदर सारखा केला. "राहिलं नाही गं. या वर्षी त्यांना नको सांगूस."

"का? दरवर्षी गौरीचा झोपाळा त्याच सजवतात. डाळ त्याच वाटतात."

"अगं, दामूकाका गेले ना श्रावणात. आता त्यांना अशा ठिकाणी बोलावलं तर वाईट वाटेल बिचारीला. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं."

खरंच कळलं नाही. दामूकाका गेले याचं तर बकुळीलाही वाईट वाटलं होतं. ते तिला पेरूची सगळ्यांत गुलाबी फोड द्यायचे. पण काका गेले म्हणून काकूंची डाळ का बंद? नवरा गेल्याचं दुःख आधीच आहे, त्यात मैत्रिणीही काढून घ्यायच्या, हे कसलं बाई? बकुळीच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

ती फुलं घेऊन गिरजाकाकूंकडे गेली. काकू चहा गाळत होत्या. पुढ्यात दोन कप होते. दुसऱ्या कपाकडे लक्ष गेल्यावर त्यांनी तो हळूच पालथा घातला.

"हात ऐकतच नाहीत बघ," त्या म्हणाल्या. "भाकऱ्याही दोघांच्याच होतात. उरलेली गाईला घालते. ती मात्र खूश आहे हो माझ्यावर!"

बकुळी हसली, काकूही हसल्या. मग एकदम काकूंनी तोंडावर पदर घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"काकू, तुम्हाला करमतं का हो?"

"दिवस जातो गं कामात. पण दिवेलागणीला घर अंगावर येतं. तेरा दिवस दारात पाय ठेवायला जागा नव्हती, चौदाव्या दिवसापासून कुत्रंही फिरकलं नाही. विहिरीवर गेले की बायका बोलता बोलता गप्प होतात. मी काय गुळाच्या ढेपेवर पडलेली पाल आहे का?" काकूंनी कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. "गौर झाली की जाते शहरात लेकाकडे. कायमची. कुलूप लावणार घराला. इथं आता माझं कोण आहे?"

काकू जाणार? तिनं फुलांची परडी तिथंच ठेवली आणि धूम पळाली ती थेट बहाव्याखाली. बुंध्याला मिठी मारून हमसून हमसून रडली.

तेवढ्यात वरून टप्पकन एक फूल तिच्या नाकावर पडलं. फूल कुठलं, ती तर परी होती! करंगळीएवढी. पाकळ्यांचा पिवळाधमक घागरा, पायात दवाचे चिमुकले पैंजण, आणि पंख इतके झिरझिरीत की त्यांतून ऊन आरपार यायचं.

"रडू नको गं चिमणे," परी म्हणाली. "मी बहावापरी. या घे तीन पाकळ्या. एकेक पाकळी हातात धरून जे मागशील ते मिळेल. पण नियम आहेत हं! पहिला, गेलेलं माणूस परत आणता येत नाही. दुसरा, कुणाच्या मनाला हात लावता येत नाही. आणि तिसरा…"

परीनं डोकं खाजवलं. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली, उलटी लोंबकळली, परत आली.

"तिसरा काय बरं होता? अगंबाई, विसरलेच की! सगळ्यांत महत्त्वाचा होता तोच. आठवला की सांगते."

घ्या! परीच अशी वेंधळी, तर बिचाऱ्या बकुळीनं काय करावं? तिनं पहिली पाकळी मुठीत धरली. "काकूंचं घर माणसांनी भरून जाऊ दे."

पाकळी चमचमली आणि विरघळली. बकुळी धावत काकूंच्या घरी गेली, तर ओटीवर बायकाच बायका! कुणाचा रस्ता चुकला होता, कुणाला तहान लागली होती. बकुळीला वाटलं, झालं काम. पण बायका रांगेत बसल्या, तोंडं एवढीएवढीशी करून. एक म्हणाली, "कसं व्हायचं हो तुमचं?" दुसरी म्हणाली, "आता देवाचं नाव घ्या, दुसरं काय." तिसरी म्हणाली, "लेकाकडे जा बाई, एकट्या बाईचं बरं दिसत नाही." चौथीनं काकूंच्या जांभळ्या लुगड्याकडे पाहून नुसतंच च् च् केलं. दामूकाकांचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. तो शब्द जणू गरम तवा होता, सगळ्यांनी हात लांबच ठेवले.

काकू सगळ्यांना चहा करत राहिल्या. बायका गेल्यावर कपबश्यांचा ढीग घासायला बसल्या.

"काकू, आता बरं वाटलं ना?"

"कुठलं गं! एवढी माणसं आली, पण माझ्याशी कोणी बोललंच नाही. माझ्याबद्दल बोलून गेली." आणि त्यांनी ती बशी इतकी घासली की तिच्यावरचं फूलच पुसट झालं.

बकुळी पुन्हा गोंधळली. माणसं नव्हती म्हणून दुःख, माणसं आली तरी दुःख! मग तिला वाटलं, काकूंच्या घरात रंगच राहिला नाही, म्हणून असेल. तिनं दुसरी पाकळी धरली आणि मागितलं, "काकूंच्या हातात हिरव्यागार बांगड्या आणि केसांत गजरा येऊ दे, पूर्वीसारखा."

सकाळी काकू विहिरीवर पोचल्या, तर हातात किणकिण! हिरव्याकंच बांगड्या, अंबाड्यावर टपोऱ्या मोगऱ्याचा गजरा. काकू दचकल्या. विहिरीवरच्या बायकांचे तर डोळेच बाहेर आले. "वर्षसुद्धा व्हायचंय अजून!" कोणीतरी कुजबुजलं. काकू कळशी तशीच टाकून घरी आल्या. बकुळी दारातच उभी होती, कौतुकाने बघत.

काकू रडल्या नाहीत. त्या रागावल्या. असा राग बकुळीनं कधी पाहिला नव्हता.

"कुणी घातल्या या? त्या दिवशी बायकांनी धरून माझ्या बांगड्या उतरवल्या, मला विचारलं नाही. आज घातल्या, तेव्हाही विचारलं नाही! हात माझे आहेत ना? मग घालायच्या की नाही, ते ठरवायचं कुणी?"

त्यांनी एकेक बांगडी काढून नीट कोनाड्यात ठेवली. फोडली मात्र एकही नाही. गजऱ्याचा वास घेतला, आणि तो दामूकाकांच्या फोटोला घातला.

बकुळी खाली मान घालून बहाव्याकडे आली आणि तिनं घडलेलं सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता परीनं कपाळावर हात मारला.

"आठवला! आठवला गं तिसरा नियम! ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं!"

"हे आधी नाही का सांगायचं?" बकुळी चिडलीच. तुम्ही नसता का चिडला?

"चुकलंच माझं," परी एवढुसा चेहरा करून म्हणाली.

बकुळी परत गेली. काकूंच्या मांडीला टेकून बसली आणि म्हणाली, "काकू, बांगड्या माझ्यामुळे आल्या. चुकले मी. आता विचारते. तुम्हाला काय हवंय?"

काकू काहीतरी म्हणायला गेल्या आणि थांबल्या. तुळशीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही इतके दिवस." बकुळी बसून राहिली, घाई केली नाही तिनं. मग हळूहळू काकूंना सुचत गेलं. "ह्यांचं नाव कुणीतरी घ्यावं माझ्यापुढं. मी रडेन, पण घ्यावं. दिवेलागणीला कुणीतरी नुसतं येऊन बसावं. आणि… गौरीचं बोलावणं दारात यावं. जायचं की नाही ते माझं मी बघेन. पण दार वगळू नये गं कुणी." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि खालच्या आळीतल्या शिवाआजोबांनाही विचार हो. आजी गेल्यापासून तेही एकटेच आहेत."

शिवाआजोबा पायरीवर बसून थंड भात चिवडत होते. पायरीशेजारी आणखी डबे होते. "वाडी मायाळू आहे पोरी," ते म्हणाले. "बाईमाणूस नाही घरात, म्हणून डबा रोज येतो. पायरीवर ठेवतात, कडी वाजवतात आणि जातात. डबा येतो, माणूस येत नाही. मला एक माणूस हवंय जेवताना समोर. भांडायला का होईना!"

दिवेलागणीला कुणी यावं, यासाठी पाकळी कशाला? बकुळीला पाय होते ना! तिनं आजोबांचा हात धरला, डबा उचलला आणि संध्याकाळी गिरजाकाकूंच्या ओटीवर तिघांची पंगत बसली. आजोबांनी आमटीचा घोट घेतला.

"दामू असता तर म्हणाला असता, मीठ कमी आहे," ते म्हणाले.

काकूंचे डोळे भरले, गालांवरून घळाघळा पाणी आलं, आणि त्यातच त्या खुदकन हसल्या. "कमी नसलं तरी म्हणाले असते! सवयच होती त्यांची." मग काकांच्या गोष्टी सुरू झाल्या त्या चंद्र वर येईतो संपेनात. त्या रात्री काकूंनी बाहेर कुणी ऐकतंय का, ते पाहिलं नाही.

राहिलं बोलावणं. बकुळी विहिरीवर गेली. "काकूंना बोलवायचं नाही, असं कोण म्हणालं?" बायका म्हणाल्या, "आमचं काही नाही बाई, सरलावहिनींना चालणार नाही." ती सरलामावशींकडे गेली. मावशी म्हणाल्या, "मला काय गं, मला तर त्यांच्या हातची डाळ हवी. पण बायका काय म्हणतील?" दोन्हीकडचं ऐकून बकुळी चक्रावली. परीचे नियम निदान परीचे तरी होते. हा नियम कुणाचाच नव्हता, आणि तरी सगळे पाळत होते!

"मावशी," ती म्हणाली. "मी बोलावणं नाही करणार. काकूंच्या दारावरूनच वाट जाते. तिथं मान खाली घालून पुढं जायला मला नाही जमणार."

"मोठी आलीस शहाणी! मग लाडूही नाहीत आणि उद्यापासून तुझी फुलंही नकोत मला!"

मोठ्या घरची फुलं गेली म्हणजे चुलीवरचा भात गेला. बकुळी रडत घरी गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पेज पिऊ आपण. पेजेनं कोणी मरत नाही."

इकडे सरलामावशींना काय वाटलं? "येईल सकाळी झक मारत, चार लाडवांसाठी." आणि बकुळीला काय वाटलं? "त्यांनी दुसरी मुलगी धाडली असेल." झालं! गौरीचा दिवस उगवला, आणि बोलावणं कुणीच केलेलं नव्हतं.

दुपारी सरलामावशी नटूनथटून ओट्यावर बसल्या. झोपाळ्यात गौर, पुढ्यात केशरी पन्हं, पिवळी डाळ, लालबुंद कलिंगड. पण कुणी येईना. चार वाजले, पाच वाजले, पन्ह्यावर माशी बसली. आणि वाडीतली प्रत्येक बाई आपापल्या दारात जरीचं लुगडं नेसून उभी. जी ती मनात म्हणतेय, "मला का बरं बोलावलं नाही? माझं काय चुकलं? सगळ्या गेल्या असतील, मीच तेवढी राहिले." सगळ्याजणी दारात, सगळ्याजणी एकट्या. बिनबोलावता पाऊल टाकील तर शपथ!

शेवटी सरलामावशी उठल्या आणि बकुळीला शोधत निघाल्या. वाटेवर पहिलं घर गिरजाकाकूंचं. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या, शेजारी गाठोडं. बकुळी त्यांचा हात धरून बसली होती.

"काकू," सरलामावशी रडकुंडीला आल्या होत्या. "माझ्याकडे कुणीच आलं नाही हो! दारात बसून बसून डोळे दुखले. मी काय पाप केलंय असं?"

"कधीपासून बसलीस?" काकूंनी विचारलं.

"दुपारपासून!"

"मी श्रावणापासून बसलेय, सरले."

सरलामावशींनी काकूंच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग त्या तिथंच उंबऱ्यावर काकूंच्या शेजारी बसल्या.

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल," त्या हळूच म्हणाल्या. "छे, खोटं कशाला बोलू. बायकांना भ्याले मी. काकू, याल का हो माझ्या गौरीला?"

"येईन. पण मला काय लावायचं नि काय नाही, ते मला विचारायचं."

"विचारते. काय लावू?"

"हळद लाव. कुंकू…" काकू थांबल्या. त्यांचं त्यांनाही नीट कळत नव्हतं. "कुंकू आज नको. पुढच्या वर्षी पुन्हा विचार."

मग काय, बकुळी निघाली! झगा उडतोय, वेणी उडतेय. "सरलामावशींकडे हळदीकुंकवाला बोलावलंय बरं का, नक्की या!" दारादारातल्या बायकांचे चेहरे फुलले. बोलावणं न येण्याची टोचणी दुपारभर सगळ्यांनीच सोसली होती, त्यामुळे झोपाळ्यापाशी गिरजाकाकू दिसल्या तेव्हा बऱ्याचजणींनी सरकून जागा केली. सगळ्यांनी नाही हं. एक म्हातारी "रीत बुडाली" म्हणत फणकारत परत गेली. जाताना डाळीची वाटी मात्र घेऊन गेली! शिवाआजोबा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून पन्हं पीत होते आणि वेलची जास्त झाली म्हणून भांडत होते.

काकूंनी गाठोडं सोडलं. लेकाकडे त्या गेल्या, पण पाहुणी म्हणून, आणि परत आल्या. त्यांच्या ओटीवर रोज दिवेलागणीला बैठक बसू लागली. ज्यांचं माणूस गेलंय ते येतात. कोणी बोलतं, कोणी रडतं, कोणी नुसतं शेंगा सोलतं. आणि वाडीत एक नवी रीत पडली. कुणाकडे दुःख झालं की तेराव्यापर्यंत तर सगळेच जातात, पण चौदाव्या दिवशी, जेव्हा घर सुनं होतं, तेव्हा काकूंच्या ओटीवरून त्या दारी बोलावणं जातं. यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. नाही आलं, तर आठवड्यानं पुन्हा जायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या गौरीच्या संध्याकाळचं राहिलंच सांगायचं.

बोलावणं करून झाल्यावर बकुळी नेहमीसारखी घराकडे वळली. वाटेत बहावा लखलखत होता. परी फांदीवर पाय हलवत बसली होती.

"एक पाकळी उरलीय की गं तुझी. आणि मी वेंधळी, तुला विचारायचंच विसरले. बकुळे, तुला काय हवंय?"

बकुळीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "मला ठाऊक नाही गं," ती म्हणाली. तिलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. परी वाट बघत राहिली. मग बकुळी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांना बोलावणं करते ना… आमच्या दारी कधीच येत नाही. आईला आणि मला एकदा तरी कुणी बोलवावं."

परीचे डोळे पाणावले. "ते तर मनाचं काम, सोनुले. मला नाही जमणार. या पाकळीनं छपराची भोकं बुजवू का?" बकुळीनं मान डोलावली. परीनं ती पाकळी हवेत फुंकली. सगळा बहावा उजळला, पिवळा, केशरी, मग पांढराशुभ्र. पैंजण एकदा छुमकन वाजले आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

बकुळी घरी आली तर छपरावर सोनेरी कौलं! भोक एकही नाही. पण तिनं कौलांकडे पाहिलंच नाही. कारण दारात गिरजाकाकू उभ्या होत्या, हातात पन्ह्याचा तांब्या घेऊन, मागं सरलामावशी. आणि आई कमरेवर हात ठेवून, केसांवरून पदर सारखा करत होती.

"बकुळे, अगं कुठं होतीस?" काकू म्हणाल्या. "तुम्हा दोघींना गौरीचं बोलावणं आहे. याल ना?"